नव्या सहकाऱ्यांसाठी: पीएफ आणि ग्रॅच्युइटी

पगारपत्रकात पीएफची कपात दिसेल, ग्रॅच्युइटीची दिसणार नाही. ती कंपनी देते. सीटीसीत धरलेली असली तरी दरमहा हातात येत नाही.

समजा मूळ वेतन अधिक महागाई भत्ता १५,००० रुपये आहे. तुमचे १२ टक्के म्हणजे १,८०० रुपये कापले जातील. कंपनीही १,८०० भरते, पण त्यातले १,२५० पेन्शन योजनेत जातात. म्हणून पासबुकात पीएफखाली कंपनीचे ५५० च दिसतात. पैसे कमी भरले असं समजू नका. पीएफमध्ये दरमहा २,३५० जमा होतात, वर व्याज.

आधीची नोकरी असेल तर जुनाच यूएएन द्या. दुसरा काढलात की खाती जोडण्याचा ताप. आधारवरचं नाव आणि जन्मतारीख यूएएनशी अक्षरशः जुळली पाहिजे. क्लेम बहुधा इथेच अडकतात.

ग्रॅच्युइटीला कायम कर्मचाऱ्याची सलग पाच वर्षं सेवा लागते (मृत्यू किंवा अपंगत्व आल्यास ही अट नाही). हिशेब शेवटच्या मूळ वेतन अधिक महागाई भत्त्यावर होतो. समजा ते २६,००० आहे. महिन्याचे २६ दिवस धरून सेवेच्या दर वर्षाला १५ दिवसांचा पगार मिळतो:

```
२६,००० × १५ ÷ २६ × ८ = १,२०,०००
```

इथे सेवा ७ वर्षं ८ महिने आहे. सहा महिन्यांहून जास्त काळ पूर्ण वर्ष धरतात. ७ वर्षं ४ महिने असते तर सातच वर्षं, म्हणजे १,०५,०००.

दोन्हींचं नामनिर्देशन वेगवेगळं असतं. पीएफचं ऑनलाइन करा, ग्रॅच्युइटीचा फॉर्म आस्थापना विभागात द्या. लग्न झाल्यावर दोन्ही नव्याने भरा.