ओवीच्या तापाचा तक्ता (फ्रिजच्या दारावर लावायचा)

चिऊ आणि जावईबापू,

हा कागद फ्रिजवर, उभं राहून रात्रीच्या दिव्यातही वाचता येईल अशा उंचीवर लावा. दुसरी प्रत मी इथे सांगलीत फोनशेजारी चिकटवली आहे. तुम्ही आकडा सांगितलात की आपण दोन्हीकडून एकाच ओळीवर बोट ठेवायचं.

त्या बुधवारच्या रात्री आपली गफलत ओवीमुळे झाली नाही, आकड्यांमुळे झाली. तू पहाटे साडेतीनला फोन करून "आई, एकोणचाळीस पॉइंट तीन" म्हणालीस आणि मी अर्धवट झोपेत "एकशे तीन?" असं विचारलं. तू "हो, साधारण" म्हणालीस. खरा आकडा १०२.७ होता. त्या वेळी त्याने काही बिघडलं नाही, पण बाळ फणफणलेलं असताना "साधारण" चालत नाही. बालरोग वॉर्डात अठ्ठावीस वर्षं मी फॅरनहाइटमध्येच ताप लिहिला. लाइपझिगमधला तुमचा थर्मामीटर, तिथले डॉक्टर, पाळणाघरातल्या बाई, सगळे सेल्सिअसमध्ये बोलतात. म्हणून हा तक्ता.

तक्ता

| सेल्सिअस (तुमचा) | फॅरनहाइट (माझा) | काय समजायचं |
|---|---|---|
| ३५.० | ९५.० | फार कमी. थर्मामीटर नीट लागला नसेल, परत पाहा. खरंच एवढा असेल तर डॉक्टर |
| ३६.० | ९६.८ | काखेत असेल तर चालेल |
| ३६.५ | ९७.७ | ठीक |
| ३७.० | ९८.६ | ठीक |
| ३७.५ | ९९.५ | ठीक. काखेत असेल तर थोडी कसर |
| ३७.८ | १००.० | कसर. लक्ष ठेवा, तासाभराने परत पाहा |
| ३८.० | १००.४ | इथून ताप |
| ३८.३ | १०१.० | ताप |
| ३८.५ | १०१.३ | ताप. मूल कसं आहे ते पाहा |
| ३८.९ | १०२.० | ताप |
| ३९.० | १०२.२ | चांगलाच ताप |
| ३९.४ | १०३.० | चांगलाच ताप |
| ३९.५ | १०३.१ | चांगलाच ताप |
| ४०.० | १०४.० | डॉक्टरांना फोन, रात्र असली तरी |
| ४०.६ | १०५.० | लगेच दाखवा |
| ४१.० | १०५.८ | थांबू नका, निघा |

तक्ता हाताशी नसेल तेव्हा

पाळणाघराच्या दारात, ट्राममध्ये किंवा बाळ खांद्यावर असताना कागद कुठून आणणार? रीतसर हिशेब असा: फॅरनहाइटमधून ३२ वजा करा, ५ ने गुणा, ९ ने भागा. उलट जायचं तर सेल्सिअसला ९ ने गुणा, ५ ने भागा, ३२ मिळवा. बरोबर आहे, पण रात्री दोन वाजता ९ ने भागायला कुणाचं डोकं चालतं?

त्यापेक्षा नऊचा पाढा आठवा. नऊ, अठरा, सत्तावीस, छत्तीस: दशक एकेक चढतो, एकक एकेक उतरतो. तापाचंही तसंच आहे, कारण सेल्सिअसची अर्धी डिग्री म्हणजे फॅरनहाइटची बरोबर ०.९. मग ३७ पासून अर्ध्या-अर्ध्याने चढत जा:

३७.० म्हणजे ९८.६
३७.५ म्हणजे ९९.५
३८.० म्हणजे १००.४
३८.५ म्हणजे १०१.३
३९.० म्हणजे १०२.२
३९.५ म्हणजे १०३.१
४०.० म्हणजे १०४.०

पॉइंटाच्या डावीकडचा आकडा एकाने वाढतो, उजवीकडचा एकाने कमी होतो: सहा, पाच, चार, तीन, दोन, एक, शून्य. सहापासून शून्यापर्यंत उतरायचं एवढंच. चिऊ, तुला लहानपणी पाढे म्हणायला बसवलं की तू रडायचीस, पण हा पाढा सात ओळींचाच आहे आणि एका संध्याकाळी पाठ होतो. जावईबापूंनीही करावा.

मधल्या आकड्यांसाठी सेल्सिअसच्या प्रत्येक ०.१ ला फॅरनहाइटचे ०.२ धरा. ३८.७ आला, तर ३८.५ च्या १०१.३ मध्ये दोनदा ०.२ मिळवा: १०१.७. एखाद्या दशांशाचा फरक पडला तर पडू दे, तेवढ्याने उपचार बदलत नाही.

ताप किती उतरला, हे सांगताना

इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

त्या रात्री तू म्हणालीस, "औषध दिल्यावर एक डिग्रीने उतरला." मला वाटलं, एवढाच? एक फॅरनहाइट म्हणजे फारच थोडा उतार. पण तुझी एक डिग्री माझ्या १.८ डिग्रीएवढी असते. ताप खरं तर ३९.३ वरून ३८.२ वर आला होता, म्हणजे माझ्या हिशेबाने जवळजवळ दोन डिग्री उतरला होता, आणि औषध उत्तम लागू पडलं होतं. मी उगाच काळजी करत बसले आणि तुलाही घाबरवलं.

मग जावईबापूंनी मोबाइलवर "१ सेल्सिअस" टाकून पाहिलं तर उत्तर आलं ३३.८. ते उत्तर चूक नाही, पण ते हवेच्या किंवा पाण्याच्या १ अंश तापमानाचं आहे, उताराचं नाही. फरक मोजताना ३२ मध्ये आणायचेच नाहीत. फक्त १.८ ने गुणायचं. अर्धा अंश उतरला तर माझे ०.९, एक उतरला तर १.८, दोन उतरला तर ३.६.

याहून सुटसुटीत उपाय म्हणजे "इतक्याने उतरला" असं सांगूच नका. आधीचा आणि आताचा असे दोन्ही पूर्ण आकडे सांगा, पुढचं मी तक्त्यावर पाहीन.

कुठे मोजला, तेही लिहायचं

आमच्याकडे काखेत थर्मामीटर लावायचा आणि आलेल्या आकड्यात एक डिग्री मिळवायची, अशी जुनी सवय आहे. ती एक डिग्री फॅरनहाइटची. कुणी तीच सवय तिथे नेऊन सेल्सिअसमध्ये एक मिळवला, तर जवळजवळ दुप्पट मिळवल्यासारखं होतं: काखेतले ३७.६ एकदम ३८.६ होतात आणि नसलेला ताप कागदावर चढतो. तुम्ही काहीच मिळवू नका. आकडा दिसेल तसा लिहा आणि शेजारी "काख", "कान" किंवा "शीची जागा" लिहा. एवढ्या लहान बाळाचा शीच्या जागी घेतलेला ताप सगळ्यात खात्रीचा, तिथले डॉक्टरही तसाच घ्यायला सांगतात. मात्र ताप एका आजारपणात एकाच जागी मोजत राहा. रात्री कानात आणि सकाळी काखेत मोजला तर चढउतार कळणार नाही.

थर्मामीटर आणि पावतीवरचे आकडे

मी पाठवलेला थर्मामीटर °F दाखवतो, तिथला °C. वाचण्याआधी कोपऱ्यातलं ते अक्षर पाहा. पुष्कळ डिजिटल थर्मामीटरांत बटण काही सेकंद दाबून ठेवलं की °F चं °C होतं, आणि बाळाने खेळताना दाबलं तरीही होतं. माझा थर्मामीटर कपाटात ठेवून दिलात तरी चालेल. घरात एकच भाषा बोलणारा थर्मामीटर असावा.

तिथे दशांशाला टिंब देत नाहीत, स्वल्पविराम देतात. डॉक्टरांच्या कागदावर ३८,५ दिसलं तर ते आपलं ३८.५.

आणि ९८.६ वर फार अडून बसू नका. तो आकडा पॉइंटासकट इतका नेमका दिसतो, पण तो ३७ या गोळा आकड्याचं रूपांतर आहे. वुंडरलिश नावाच्या डॉक्टरांनी तुमच्याच लाइपझिगमध्ये असंख्य रुग्णांचा ताप मोजून १८६८ मध्ये पुस्तक काढलं, तेव्हापासून ३७ रूढ झाला. आम्हाला नर्सिंगला ९८.४ शिकवलं होतं. निरोगी बाळ सकाळी थोडं कमी, संध्याकाळी थोडं जास्त असतं.

आकड्याहून आधी हे पाहा

ओवी चौदा महिन्यांची आहे, त्यामुळे ३८.५ असून ती खेळत असेल, पाणी पीत असेल, तर औषधाची घाई नको. अंग दुखून किरकिरत असेल तर ३८.३ लाही द्या. गाढ झोपली असेल तर फक्त औषध द्यायला उठवू नका. डोस तापावरून ठरत नाही, वजनावरून ठरतो: तिच्या डॉक्टरांनी ९.४ किलोला पॅरासिटामॉलची १२५ मिलिग्रॅमची गुदवर्ती सांगितली आहे, दोन डोसांत किमान ६ तास. ताप ३९.५ झाला म्हणून दोन द्यायच्या नाहीत. ॲस्पिरिन अजिबात नाही.

ग्लानी आली, पाणी घेत नाही, डायपर बराच वेळ कोरडा आहे, श्वास जोरात चालतो, काचेचा पेला दाबला तरी न मावळणारे पुरळ उठले, किंवा ताप तीन दिवसांवर गेला, तर तक्ता बाजूला ठेवा आणि दाखवा. रात्रीच्या डॉक्टरांसाठी ११६११७, जिवावरचं वाटलं तर ११२. झटके आले तर कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ पाहा आणि ११२ लावा.

येत्या महिन्यात तुझ्या मैत्रिणीचं बाळ घरी येईल, म्हणून लिहून ठेवते: तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला ३८.० म्हणजे १००.४ झाला, की ते कितीही हसत असलं तरी त्याच वेळी डॉक्टर.

नोंद अशी ठेवायची (त्याच आजारपणाची, तुम्ही फोनवर सांगितलेली, वेळ तिथली)

बुधवार रात्री ८.१०, शीची जागा, ३८.४ (१०१.१). किरकिर, दूध अर्धं प्यायली.
बुधवार रात्री ११.००, शीची जागा, ३९.३ (१०२.७). ११.१० ला गुदवर्ती.
गुरुवार रात्री १२.४०, शीची जागा, ३८.२ (१००.८). घाम, पाणी प्यायली, झोपली.
गुरुवार सकाळी ७.००, शीची जागा, ३८.६ (१०१.५). खेळत होती, औषध दिलं नाही.
गुरुवार संध्याकाळी ६.३०, शीची जागा, ३७.९ (१००.२). डायपर दोनदा ओला.
शुक्रवार सकाळी ७.००, शीची जागा, ३६.९ (९८.४). वाटीकडे बोट दाखवून मऊभात मागितला.