दिवाळीच्या शुभेच्छा, आणि थोडं फटाक्यांविषयी

सर्व रहिवाशांना सप्रेम नमस्कार,

वसुबारसेपासून भाऊबीजेपर्यंतचे दिवस सगळ्यांना आनंदाचे जावोत. ज्यांच्या घरी दिवाळी असते त्यांना, आणि ज्यांच्या घरी नसते पण ईदेला, नाताळला ज्यांचे डबे आपल्या दारी येतात त्यांनाही मनापासून शुभेच्छा. भाडेकरू कुटुंबं, नव्याने आलेले शेजारी, एकटे राहणारे आजी-आजोबा, सगळ्यांनी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी ७ वाजता गेटजवळ पणत्या लावायला जरूर या. वॉचमन आणि सफाईच्या ताईंचं फराळाचं ताट तेव्हाच भरायचं आहे. घरटी एकच पदार्थ आणा. गेल्या वर्षी नुसत्या चकल्याच चकल्या झाल्या होत्या!

आता जरा फटाक्यांबद्दल. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१८ च्या आदेशाप्रमाणे दिवाळीत फटाके रात्री ८ ते १० याच वेळात वाजवता येतात, आणि लांबलचक माळांना मनाई आहे. नरक चतुर्दशीला पहाटे चारला पहिला बार आपलाच झाला पाहिजे, ही हौस मला कळते, लहानपणी मीही त्यासाठी जागलेय. पण ए विंगमध्ये तीन आठवड्यांचं बाळ आहे, सी विंगमधले एक आजोबा हृदयाच्या शस्त्रक्रियेनंतर नुकतेच घरी आलेत, आणि रात्रपाळी करून येणारेही आपल्यात बरेच आहेत. तेव्हा यंदा पहाट उटण्याची आणि रांगोळीची असू द्या. स्पीकरही रात्री १० नंतर बंद.

रॉकेट आवारात अजिबात नको. गेल्या वर्षी एक रॉकेट वाकडं होऊन चौथ्या मजल्यावरच्या गॅलरीत शिरलं आणि वाळत घातलेली चादर पेटली. थोडक्यात निभावलं. ते उडवणारा माझाच भाचा होता, त्यामुळे ही विनंती मी जरा खाली मान घालूनच करतेय.

फुलबाज्या, भुईचक्रं, पाऊस क्लबहाऊसमागच्या मोकळ्या जागेत लावा. पार्किंगमध्ये, जिन्यात नाही. गच्चीला कुलूप राहील. क्लबहाऊसमागे पाण्याच्या दोन बादल्या ठेवल्यात. जळलेल्या फुलबाजीची तार लगेच त्यात टाका. ती विझलेली दिसते, पण चांगलीच तापलेली असते, आणि मुलं अनवाणी पळतात. मुलांबरोबर एक तरी मोठं माणूस हवं, सुती कपड्यातलं आणि मोबाइलमध्ये डोकं न घातलेलं.

मुलांनी बी विंगच्या कोपऱ्यात किल्ला केलाय, गाडी रिव्हर्स घेताना सांभाळा. बुरूज कालच एकदा ढासळलाय. आणि गेटवरचा भुरा कुत्रा आवाजाला घाबरून लिफ्टच्या मागे दडला, तर हुसकू नका.

कोणाला आवाजाचा त्रास झाला तर भांडायला खाली उतरण्याआधी मला फोन करा. मी जागीच असेन, करंज्या तळत.

आपली,
सचिव
(बी विंग, ३०४)