क्षिप्रेकाठचं गाव: क्वेस्ट आणि येता-जाता बोलणं

क्वेस्ट: आजींचा तांब्या
आजींचा पितळी तांब्या बावडीत पडलाय, लग्नात इंदूरहून आलेला. अठरा पायऱ्या नीट उतर, एकोणिसावी शेवाळलेली आहे तिच्यावर पाय ठेवू नकोस. बक्षीस: गुळाची पोळी, आणि आजोबांची एक गोष्ट, जी स्किप करता येणार नाही, ते बटण मी मुद्दाम काढलंय कारण आजोबा रोज कुणीतरी ऐकेल म्हणून बसलेले असतात.

क्वेस्ट: सोयाबीन भिजायच्या आत
ढग आलेत. काकांची पोती खळ्यावरच आहेत आणि दोन्ही मुलं शहरात. मदत कर.

येता-जाता

पोहेवाले मामा: "जिरावण घालू ना अजून? लाजू नको, शेव पण घे."

शेतकरी दादा (फक्त पावसात): "काळी माती आहे बाबा, चप्पल हातात घे, नाहीतर तीच ठेवून घेईल."

शाळेतली मुलगी: "घरी मराठी, गल्लीत मालवी, गुरुजींसमोर गप्प."

देवळातले गुरव: "अहिल्याबाई १७९५ला गेल्या. आमच्या घरात मात्र अजून ताट टाकून उठलं की म्हणतात, मातोश्रींना काय वाटेल?"

तेच गुरव, रात्री: "दिवा मी लावतो. तू झोप जा."

काकू, दुसऱ्यांदा भेटल्यावर: "अगं बाई, परत आलास! आता जेवूनच जा."

आजी, तांब्या परत दिल्यावर (आधी दोन सेकंद काहीच बोलत नाहीत, ही शांतता कापू नका): "दमलास ना? ह्यातूनच पाणी पी आधी."