Title आणि Description कसे भरायचे : नोंदी करणाऱ्या स्वयंसेवकांसाठी

वाचनालयातली जुनी पुस्तके, दिवाळी अंक आणि फोटो स्कॅन करून आपण ओमेका या ऑनलाइन संग्रहाच्या प्रणालीमध्ये चढवतो आहोत. स्कॅन कितीही स्वच्छ असले तरी नोंद चुकली की ते कुणाला सापडत नाही. कपाट निदान चाळता तरी येते.

Title. पुस्तकाचे नाव शीर्षकपृष्ठावरून घ्या, वेष्टनावरून किंवा बांधणीच्या पाठीवरून नाही. छापले असेल तसेच लिहा. १९६२च्या शुद्धलेखन नियमांआधीच्या पुस्तकांत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरें’ असे अनुस्वार दिसतील. ते काढू नका. मात्र आजचा वाचक अनुस्वार न देताच शोधणार, म्हणून Description च्या पहिल्या वाक्यात तेच नाव आजच्या लेखनात पुन्हा द्या. Title मध्ये ‘मुलांसाठीं गाणीं’ असेल, तर Description ची सुरुवात ‘मुलांसाठी गाणी हा बालगीतांचा संग्रह’ अशी.

नियतकालिकांचा क्रम ठरलेला आहे: नाव, अंक, वर्ष. ‘किर्लोस्कर, दिवाळी अंक, १९५२’. ‘दिवाळी विशेषांक’, ‘दिपावली’ असे प्रकार नकोत, नाहीतर यादीत एकाच मासिकाचे अंक विखुरतात. Title मध्ये देवनागरी अंक, Date मध्ये 1952. अंकावर शके वर्ष छापले असेल तर Date साठी त्यात ७८ मिळवा. जानेवारीपासून फाल्गुन संपेपर्यंतच्या अंकांना ७९. कार्तिक शके १८५० म्हणजे 1928.

फोटोला स्वतःचे नाव नसते. तिथे आपण दिलेले नाव चौकटी कंसात: [वाचनालयाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन].

Description. दोन-तीन वाक्ये पुरे. ही वस्तू काय आहे, आत काय आहे, काय गहाळ आहे.

नको: ‘अतिशय दुर्मिळ व सुंदर स्मरणिका. जरूर वाचा.’

हवे: ‘सार्वजनिक गणेशोत्सवाची १९६८ची स्मरणिका. कार्यक्रमपत्रिका, वर्गणीदारांची यादी आणि गावातील दुकानांच्या जाहिराती. पृष्ठे ९ ते १२ नाहीत.’

वर्गणीदारांची यादी आणि जाहिराती मुद्दाम नोंदवा. आजोबांचे नाव किंवा जुनी पेढी शोधत येणाऱ्याला तीच हवी असते, आणि नेमके तेच आपल्याला किरकोळ वाटून सुटते. फोटोतल्या माणसांची नावे मागच्या बाजूला लिहिलेली असतील तरच द्या. चेहऱ्यावरून अंदाज नको.

टंकलेखन. ‘वऱ्हाड’, ‘दऱ्या’ लिहिताना नुक्त्याचा ‘ऱ’ वापरा. साध्या ‘र’ला हलन्त आणि ZWJ हे अदृश्य जोडचिन्ह लावूनही तेच अक्षर पडद्यावर उमटते, पण संगणकाला ते वेगळे असते आणि शोध रिकामा येऊ शकतो. जुन्या डीटीपी फाइलमधला मजकूर चिकटवू नका. ते फाँट युनिकोड नसल्याने इथे निरर्थक चिन्हे उमटतात. आद्याक्षरांमध्ये टिंब आणि एक जागा: ‘वि. स.’, ‘वि.स.’ नव्हे.

नवी नोंद उघडण्याआधी नाव जुन्या आणि आजच्या दोन्ही लेखनांत शोधून पाहा. तीच वस्तू आधी चढलेली असू शकते. शंका असेल तर Public वर खूण न करता नोंद जतन करा आणि दाखल क्रमांक टेबलावरच्या वहीत लिहा. शनिवारी दुपारी आपण मूळ प्रत समोर ठेवून त्या नोंदी एकत्र पाहतो.