दुखत नव्हतं, म्हणून थांबले

नमस्कार मंडळी. मागे भिंतीला टेकून उभे असलेले दादा लोक, पुढे या. खुर्च्या रिकाम्या आहेत, आणि आज या कॅन्सर तपासणी शिबिरात तुमच्या तोंडाबद्दलही बोलायचंय, नुसतं बायकांचं नाही.

मी निफाड तालुक्यातली. चार एकर द्राक्षबाग. आता मुलाकडे पंचवटीत असते, पण छाटणी आली की पाय आपोआप गावाकडे वळतात. भाषणाची सवय नाही, बचत गटाच्या मीटिंगमध्ये हिशेब वाचते तेवढंच. तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

२०१८ सालचा नोव्हेंबर. गोडी छाटणी होऊन घड निघायला लागले होते. अंघोळीला बसले होते, अंगाला साबण, आणि डाव्या बाजूला काखेकडे हाताला काहीतरी लागलं. वाटाण्यापेक्षा मोठं, कडक. दाबलं तरी दुखेना. मला हायसं वाटलं बघा! दुखत नाही म्हणजे काही नाही. रात्री हळद-चुन्याचा लेप लावला आणि झोपले.

आता माझी अक्कल बघा. बागेत रोज सकाळी पान उलटून बघायची, डावणीचा डाग दिसतो का म्हणून. एका पानावर पिवळा ठिपका दिसला तरी यांना रात्री ट्रॅक्टर काढायला लावलेला आहे मी. तिथे कधी म्हटलं नाही, की पान दुखतंय का ते बघू आणि मग फवारू. आणि स्वतःच्या अंगातली गाठ? ती द्राक्षं उतरेपर्यंत थांबली. व्यापारी येऊन गेला, पैसे यायचे होते, पुतणीचं लग्न होतं. ब्लाऊज त्या बाजूला ओढला जायला लागला, तरी मी हूकच सरकवून शिवला.

मधे एकदा जवळच्या एका डॉक्टरांना दाखवलं होतं. साडीवरूनच बघितलं त्यांनी. चरबीची गाठ आहे म्हणाले, गोळ्या दिल्या. मीही लाजले होते, नीट दाखवलंच नाही. दोघांच्या लाजेत चार महिने गेले.

मे महिन्यात जाऊबाईने कपडे बदलताना बघितलं. गाठीवरची कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली होती, बारीक खड्डे खड्डे. ती तशीच मला नाशिकला घेऊन आली. मॅमोग्राफी झाली, सुईने तुकडा काढला. त्या वेळी नातेवाइकांचे फोनवर फोन, सुई लावू देऊ नका, सुई लावली की कॅन्सर पसरतो. डॉक्टरांनी शांतपणे सांगितलं, तपासणीच्या सुईने पसरत नाही, पण तपासणी न करता बसलात तर तो थांबणारही नाही. रिपोर्टमध्ये तिसरा टप्पा निघाला, काखेतल्या गाठींपर्यंत गेलेला. डावा स्तन काढावा लागला. मग केमो, मग रेडिएशन, आणि नंतर रोजची एक गोळी.

केमोचं फार सांगत नाही, तुम्ही घाबराल आणि मला ते नकोय. एवढंच सांगते, वेणी घालताना पूर्ण वेणीच हातात आली होती. आणि शेजारच्या एका घरात मला चहा वेगळ्या कपात मिळायचा. कॅन्सर शिवून, सोबत जेवून, उष्टं खाऊन होत नाही हो. त्या कपाचं मला गाठीपेक्षा जास्त लागलं.

डॉक्टरांना मी विचारलं, नोव्हेंबरमध्येच आले असते तर? ते म्हणाले, कदाचित स्तन काढावा लागला नसता. बस, एवढंच.

तर बायांनो, महिन्यातून एकदा स्वतःला तपासा. पाळी संपल्यानंतर चार-पाच दिवसांनी. पाळी गेली असेल तर एक तारीख ठरवा, मी चतुर्थी धरली आहे, विसरायला होत नाही. बोटांची टोकं नाही, तीन बोटांचा सपाट भाग फिरवायचा, काखेपर्यंत. गाठ, कातडीला खड्डा, बोंड आत ओढलं गेलं, त्यातून रक्त किंवा पाणी आलं, एकाच बाजूचा आकार बदलला, यातलं काहीही नवीन दिसलं की दाखवायचं. बहुतेक गाठी कॅन्सरच्या नसतात, हेही ऐका. पण ते ठरवायचं काम हळद-चुन्याचं नाही.

दुसरं, गर्भाशयाच्या तोंडाचा कॅन्सर. आमच्या गल्लीतल्या एक मावशी, पाळी जाऊन सहा वर्षं झालेली. परत रक्त जायला लागलं. आम्ही सगळ्या हसलो, मावशी पुन्हा तरुण झाल्या म्हणून. त्याही हसल्या. त्या आज नाहीत. पाळी बंद झाल्यावर रक्त दिसलं, दोन पाळ्यांच्या मधे दिसलं, नवऱ्याजवळ गेल्यावर दिसलं, किंवा घाण वासाचं पाणी जात राहिलं, तर हसायचं नाही, लपवायचं नाही. नऊ ते चौदा वयाच्या मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे. पुण्यातल्या सीरमनेही ती बनवली आहे. ज्यांच्या घरात त्या वयाच्या मुली आहेत त्यांनी आज डॉक्टरांना नक्की विचारा.

आता दादा लोक. गुटख्यावर आपल्या राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि टपरीवर तो मिळतो हे मला तुम्ही सांगायला नको! आणि आपल्याही बायका काही कमी नाहीत, सकाळी मिश्री लावल्याशिवाय चूल पेटत नाही कित्येकींची. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, तिखट झोंबणं, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम, गिळताना अडकणं, यातलं काहीही असलं की दाखवायचं. आत्ता बसल्या जागी करा, आपलीच तीन बोटं उभी करून दातांमध्ये घाला. जात नाहीत ना? मग हसू नका, सरळ त्या तपासणीच्या खोलीत जा.

त्या खोलीत काय होणार तेही सांगते, म्हणजे भीती नको. तोंड बॅटरीने बघतील. छाती नर्सताई पडद्याआड हाताने तपासतील. खालच्या तपासणीत व्हिनेगरसारखं पातळ पाणी लावतात, मिनिटभर थांबतात, पांढरा डाग उठतो का बघतात. थोडं चुरचुरतं, काही मिनिटांत उठता येतं. पाळी चालू असेल तिने आज नाव लिहून पुढची तारीख घ्यावी. तिशीच्या पुढच्यांसाठी या तिन्ही तपासण्या सरकारी आरोग्य मंदिरातही फुकट आहेत. आशाताई फॉर्म घेऊन दारात येते तेव्हा ‘आम्हाला काही नाही’ म्हणून तिला परत पाठवू नका.

हाताच्या तपासणीने काय होणार, असं मलाही वाटायचं. पण मुंबईत टाटा हॉस्पिटलने दीड लाख बायकांचा वीस वर्षं अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासलं, तेवढ्यावर पन्नाशीपुढच्या बायकांत स्तनाच्या कॅन्सरने होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. मशीन नाही, काही नाही.

आणि पैशांचं. कॅन्सर निघाला तर उपचाराला महात्मा फुले योजना आहे. माझी शस्त्रक्रिया त्यातूनच झाली. रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा, बाकी कागद दवाखान्यातले आरोग्यमित्र सांगतात.

माझी जाऊबाई तिकडे तिसऱ्या रांगेत बसली आहे, हिरव्या साडीत. मला ओढून आणणारी तीच, आणि स्वतः आजवर एकदाही तपासलं नाही तिने. उठा जाऊबाई, पहिला नंबर तुमचा. पर्स माझ्याकडे द्या.