पेन, तीन प्लस

श्रीदेवीनं टेबलावर ठेवलेल्या कॅरीबॅगेत रेशनकार्ड, विडी कामगाराचं ओळखपत्र आणि सुतळीनं बांधलेले केसपेपर होते. "आईच्या ट्रंकेत सापडले. वरचे डॉक्टर म्हणाले, जुनं काय असंल ते आणा."

विजयाताईंनी सुतळी सोडली. पहिल्याच कागदावर त्यांना अक्षराची ओळख पटली. अशोक चौकाजवळचे म्हातारे डॉक्टर. त्यांना जाऊन सहा वर्षं झाली, दवाखान्याच्या जागी मोबाईलचं दुकान आलं, पण पूर्व भागातल्या घराघरांत त्यांचे कागद अजून आहेत. सोळा वर्षं टायपिंग करताना ताईंच्या हाताखालून त्यातले शेकडो गेले होते. केमिस्टलासुद्धा न लागणारं अक्षर त्यांना लागायचं. शिकवलं कुणी नव्हतं. 'फीव्हर' हा शब्द हजारदा वाचला की त्यातली चार अक्षरं फुकट मिळतात, मग 'कफ', मग 'इंजेक्शन'. अशी त्यांची बाराखडी जमली होती.

पेशंट राजमणीबाई, वय ५८, शुगर. पाल्यात पडलेली कात्री पायात घुसली, आठवडाभर हळद लावली, आता पाय गुडघ्यापर्यंत लाल. दोन वाजता पहिलं इंजेक्शन. बाहेर मे महिन्याचं ऊन, आत पंखा नुसता गरम हवा ढवळत होता.

कागद १९८४ चा. ताप, घसा, आणि खाली कोपऱ्यात लाल पेन्सिलीनं एक ओळ. ताईंनी सरावानं टाइप केलं: पेन, तीन प्लस. दुखणं जोराचं. पुढचा शब्द 'अ‍ॅड्र', मग एक छेद दोन. पत्ता. त्यांनी पत्त्याच्या रकान्यात १/२ घातलं आणि विचारलं, "घर नंबर एक छेद दोन, पेठ कुठली गं?"

"छे हो ताई. आम्ही तेव्हा साखर पेठेत होतो, नंबर चार आकडी होता."

ताईंचा हात थांबला. डॉक्टरांनी पत्ता कधी लाल पेन्सिलीनं लिहिलेला त्यांना आठवेना. त्यांनी कागद खिडकीशी धरला. एक छेद दोनच्या पुढे दोन गोल होते, अपुऱ्या बांगड्यांसारखे. सी, सी. अर्धा सीसी. त्याच्याखाली अ‍ॅव्हिल, हा शब्द त्या झोपेतही वाचतील, खाज उठलेल्या प्रत्येक पोराला तो लिहिलेला असे.

अर्धा सीसी आणि अ‍ॅव्हिल. मग 'अ‍ॅड्र' म्हणजे अ‍ॅड्रिनालिन.

आता वरची ओळ पुन्हा पाहिली. 'पेन'मध्ये आयवरचा टिंब नव्हता. डॉक्टरांचा टिंब उडत्या स्वल्पविरामासारखा असे, तो कधीच चुकत नसे. शिवाय दुखण्याला ते मराठीत नुसता 'दु.' लिहीत. मग हे पेन दुखण्याचं नव्हतंच. पेनिसिलिन.

घड्याळात पावणेदोन. इंटरकॉम लागेना म्हणून ताई जिना चढून वर गेल्या. गुडघे कुरकुरले.

"सिस्टर, राजमणीबाईंचं इंजेक्शन भरलं?"

"भरतेय. का?"

"थांबा जरा. डॉक्टर कुठंयत?"

तरुण आरएमओ जेवणाचा डबा उघडून बसला होता. "ताई, अ‍ॅलर्जी विचारलीय मी. नाही म्हणाल्यात."

"त्यांना माहीतच नसंल. तुम्ही एकदा बघा."

त्यानं कडक भाकरीचा तुकडा बाजूला ठेवून, हात पुसून, कागद घेतला. "हे वाचलं कसं तुम्ही?" उत्तराची वाट न बघता तो उठला. अमॉक्सिक्लॅव्ह पेनिसिलिनच्याच घरातलं. सिस्टरनं भरलेली सिरिंज ट्रेमध्ये परत ठेवली. केसपेपरवर त्यानं आधीचं औषध खोडून क्लिंडामायसिन लिहिलं आणि फाईलच्या तोंडावर लाल पेननं मोठ्या अक्षरांत अ‍ॅलर्जी लिहिली. त्याचंही अक्षर काही फार बरं नव्हतं.

राजमणीबाईंना विचारलं तेव्हा त्या बराच वेळ छताकडे बघत राहिल्या. "सुई घेतली अन् दम अडकला. तोंड इतकं सुजलं की माग चालवणारी पोरं बघायला आली. डॉक्टर संध्याकाळपर्यंत उशाशी बसलेले. आईला म्हणाले, ही सुई हिला परत नको. आई गेली, मग कोण सांगणार?" मग लेकीकडे वळल्या. "मला वाटलं, सुईला घाबरले म्हणून चक्कर आली."

ताई खाली आल्या. अ‍ॅलर्जीच्या रकान्यात 'नाही' होतं, ते पुसून पेनिसिलिन लिहिलं, दोनदा वाचलं. पत्त्यातला १/२ खोडला. मग जिन्यावरून उतरणाऱ्या श्रीदेवीला हाक मारली.

"ये गं. आताचा पत्ता सांग. हळू सांग, पेठेपासून."