औषधांची आठवण देणारं अ‍ॅप: पहिल्या आवृत्तीच्या यूजर स्टोरीज आणि ‘डन’ची व्याख्या

हे अ‍ॅप रोज चार-पाच गोळ्या स्वतःच्या स्वतः घेणाऱ्या वयस्क माणसांसाठी आहे. त्यांच्या बाबतीत दोन गोष्टी घातक ठरतात: डोस राहून जाणं आणि तोच डोस दोनदा घेतला जाणं. या दोन्हींपैकी एकही टाळायला ज्याचा उपयोग नाही, ते या आवृत्तीत नाही. प्रत्येक अट अशी आहे की टेस्टरने फोन हातात घेऊन ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणावं. ‘वापरायला सोपं’ असं कुठेच लिहिलेलं नाही, कारण ते तपासता येत नाही.

स्टोरी १: औषध नोंदवणं

रोज औषधं घेणारी व्यक्ती म्हणून मला औषधाचं नाव, मात्रा आणि वेळा एकदाच नोंदवायच्या आहेत, म्हणजे दर वेळी डॉक्टरांची चिठ्ठी शोधावी लागणार नाही.

- नाव किंवा वेळ रिकामी असेल तर नोंद जतन होत नाही; काय राहिलं ते त्याच रकान्याखाली दिसतं.
- अर्धी गोळी नोंदवता येते.
- इंटरनेट बंद असतानाही नोंद जतन होते.
- तेच नाव पुन्हा आलं तर अ‍ॅप विचारतं, पण अडवत नाही. सकाळची आणि रात्रीची मात्रा वेगळी असू शकते.

स्टोरी २: वेळेवर आठवण

मला ठरलेल्या वेळी आठवण हवी आहे, अ‍ॅप उघडलेलं नसलं तरी, म्हणजे घड्याळाकडे लक्ष ठेवावं लागणार नाही.

सगळ्यात जास्त वेळ इथे द्यायचा आहे. ही स्टोरी कच्ची राहिली तर बाकीच्यांना अर्थ नाही.

- फोन चार्जरशिवाय, स्क्रीन बंद करून तासभर पडून असला तरी ठरलेल्या वेळेपासून १ मिनिटाच्या आत सूचना येते.
- फोन बंद करून पुन्हा चालू केला आणि अ‍ॅप उघडलं नाही, तरी पुढची आठवण येते. रीस्टार्टनंतर अँड्रॉइडवर लावलेले अलार्म उरत नाहीत, म्हणून `BOOT_COMPLETED` मिळताच ते पुन्हा लावायचे.
- अँड्रॉइड १३ पासून सूचनांसाठी `POST_NOTIFICATIONS` ही परवानगी मागावी लागते. ती अ‍ॅप उघडताक्षणी नव्हे, तर पहिलं औषध जतन झाल्यावर मागितली जाते. तेव्हा ती कशासाठी आहे हे वापरणाऱ्याला कळतं.
- परवानगी नाकारली तर मुख्य स्क्रीनवर ‘आठवणी बंद आहेत’ ही पट्टी कायम दिसते आणि तिच्यावरून थेट सेटिंग्जमध्ये जाता येतं.
- एकाच वेळेच्या सगळ्या औषधांची मिळून एकच सूचना येते. आयओएस एका अ‍ॅपच्या जास्तीत जास्त ६४ स्थानिक सूचना रांगेत ठेवतं. प्रत्येक गोळीची वेगळी सूचना लावली तर काही दिवसांतच रांग भरते.
- लॉक स्क्रीनवर फक्त ‘औषधाची वेळ झाली’ दिसतं. औषधाचं नाव लॉक उघडल्यावरच.

वापरणाऱ्याने सेटिंग्जमधून अ‍ॅप ‘फोर्स स्टॉप’ केलं तर आठवण येणार नाही. त्याची हमी आपण देत नाही. मदतीच्या पानावर तसं स्पष्ट लिहायचं.

स्टोरी ३: घेतल्याची नोंद

गोळी घेतली की नाही हे मला नंतर पाहता यायला हवं, म्हणजे शंकेपोटी दुसऱ्यांदा घेतली जाणार नाही.

- ‘घेतली’ दाबलं की सूचना जाते आणि वेळ नोंदली जाते.
- त्याच डोससाठी पुन्हा दाबलं तर नवी नोंद होत नाही. ‘ही गोळी ८:०५ला घेतली आहे’ असं दिसतं.
- चुकून दाबलं गेलं तर त्या दिवसभरात नोंद मागे घेता येते.
- काहीच दाबलं नाही तर ‘नोंद नाही’ असं दिसतं. ‘चुकली’ म्हणायचं नाही, कारण गोळी घेऊन बटण दाबायचं राहिलेलं असू शकतं.
- राहिलेला डोस आता घ्यावा की नाही, याचा सल्ला अ‍ॅप कधीही देत नाही.

स्टोरी ४: डॉक्टरांसाठी यादी

मला मागच्या ३० दिवसांच्या नोंदी एका पानावर दाखवता यायला हव्यात. पान नेटशिवाय उघडतं, ताजा दिवस वर असतो, बंद केलेली औषधंही त्यात राहतात.

‘डोस राहिला तर मुलीला कळव’ ही मागणी योग्य आहे, पण ती एक स्टोरी नाही. त्यात खातं, सर्व्हर आणि वापरणाऱ्याची संमती येते. तिचे तुकडे करून पुढच्या आवृत्तीत घेऊ.

‘डन’ची व्याख्या

वरच्या अटी त्या-त्या स्टोरीच्या आहेत. खालच्या सगळ्या स्टोरींना लागू.

- कोड दुसऱ्या डेव्हलपरने तपासून मुख्य शाखेत घेतला आहे. वेळा आणि डोस ठरवणाऱ्या भागाच्या स्वयंचलित चाचण्या पास आहेत.
- आपण चालवतो त्यातल्या सर्वांत जुन्या अँड्रॉइड फोनवर आणि एका आयफोनवर प्रत्यक्ष तपासलं आहे. एम्युलेटर पुरेसा नाही.
- अक्षरं सर्वांत मोठी केली तरी मजकूर कापला जात नाही. रंगांचा कॉन्ट्रास्ट किमान ४.५:१ आहे; टॉकबॅक आणि व्हॉइसओव्हर प्रत्येक बटणाचं नाव वाचतात.
- आधीच्या बिल्डवर अपडेट केल्यावर जुन्या नोंदी शाबूत आहेत.
- क्रॅश रिपोर्टमध्ये औषधाचं नाव जात नाही.
- प्रॉडक्ट ओनरने स्वतःच्या फोनवर स्टोरी चालवून मान्य केली आहे.

यातलं एकही राहिलं तर स्टोरी ‘चालू’ रकान्यात परत जाते आणि तिचे पॉइंट त्या स्प्रिंटमध्ये धरले जात नाहीत.